बहुभाषिक शाळा : धोरण अडते ते बदल्यांच्या यादीत

दुसरीचा वर्ग, पट अठ्ठावीस. बाईंनी राज्यभाषेत तोंडी गणित घातले : सात गोट्या होत्या, तीन हरवल्या, किती उरल्या? पुढच्या बाकावरच्या मुलीने सांगितले, दहा. बाईंनी तिला जमिनीवर बसवले, सात खडे मांडले आणि तीन उचलून मुठीत घेतले. मुलीने खडे न मोजताच स्वतःच्या भाषेत उत्तर दिले, चार. ते चार आहे हे बाईंना मागच्या रांगेतल्या एका मुलाने सांगितले, कारण आठ महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या बाईंना त्या भाषेतले आकडे अजून येत नव्हते. मुलीला वजाबाकी येत होती, 'उरल्या' हा शब्द येत नव्हता. प्रगतिपुस्तकात मात्र शेरा पडला, 'वजाबाकी कच्ची'.

बहुभाषिक शिक्षणाचा प्रश्न मुळात एवढाच आहे आणि त्यावर तत्त्वाचा वाद आता फारसा उरलेला नाही. मुलाला सुरुवातीचे शिक्षण त्याच्या मातृभाषेत द्यावे, ही शिफारस युनेस्कोने १९५३ मध्येच केली होती. त्यानंतर बहुतेक मोठ्या, अनेकभाषी देशांनी ती या ना त्या शब्दांत मान्य केली. तरी वर्गात फारसे बदलत नाही. कारण 'भाषा कोणती' यावर धोरण पानेच्या पाने लिहिते, आणि 'शिकवणार कोण, आणि भाषा बदलायची कधी' हे दोन प्रश्न परिशिष्टात ढकलून मोकळे होते.

शब्द एक, अर्थ अनेक

'मातृभाषेतून शिक्षण' या नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली, मुलाची भाषा दोन-तीन वर्षे वापरायची आणि मग राज्यभाषेत किंवा इंग्रजीत उडी मारायची. दुसरी, तीच भाषा सहावी-आठवीपर्यंत न्यायची आणि दुसरी भाषा शेजारी वाढवत राहायची. तिसरी, माध्यम राज्यभाषेचेच ठेवायचे, पण शिक्षकाने समजावताना मुलांच्या भाषेचा आधार घ्यायचा. कागदावर सरकारे दुसरीचे गुणगान करतात, पैसा पहिलीला पुरेल एवढाच देतात आणि वर्गात तिसरीच गोष्ट घडते, तीही शिक्षकाच्या मर्जीवर.

या तिन्हींमधला फरक संशोधनात ठळक दिसतो. नायजेरियात १९७० मध्ये इफे येथे सुरू झालेल्या प्रकल्पात मुलांना सहा वर्षे योरुबातून शिकवले आणि इंग्रजी हा विषय वेगळ्या, त्यासाठी तयार केलेल्या शिक्षकांकडे सोपवला. तीन वर्षांनंतर इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांच्या तुलनेत ही मुले इंग्रजीत मागे पडली नाहीत. उलट कामरूनमध्ये कोम भाषेतून शिकलेली मुले तिसरीपर्यंत बरीच पुढे होती, पण चौथीत इंग्रजी आल्यावर ही आघाडी आटत गेली. भाषा चुकली असा याचा अर्थ नाही, पूल अर्धाच बांधला गेला. रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा मूल वर्ष-दोन वर्षांत उचलते. त्याच भाषेत भूगोलाचा धडा वाचून उत्तर लिहायला पाच-सात वर्षे लागतात. धोरण मात्र पहिला टप्पा पाहून दुसरा पार झाला असे समजते.

मोजणीतच मेख

भारताचे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा नोंदल्या गेल्या. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत त्यातल्या २२ आहेत. भिलीचे भाषक एक कोटीच्या वर असूनही ती अनुसूचीत नाही, आणि जेमतेम पंचवीस हजार लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली संस्कृत आहे. संस्कृतला तिथे बसवू नये असे मी म्हणत नाही. पण पाठ्यपुस्तके, भरती आणि परीक्षा या यादीकडे बघून ठरत असतील तर भिली बोलणाऱ्या मुलाला ती यादी दिसतच नाही. दुसरी मेख याहून बारीक आहे. पाच कोटींवर लोकांनी सांगितलेली भोजपुरी जनगणनेत हिंदीखाली धरली जाते. त्यामुळे हिंदी माध्यमात बसलेले भोजपुरी मूल आकडेवारीत 'मातृभाषेतून शिकणारे' ठरते. आजार नोंदलाच नाही तर औषधाचा हिशेब कसा लागणार?

कायद्याची भाषाही अशीच सैल आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५०क ने १९५६ पासून अल्पसंख्य भाषक मुलांसाठी प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेच्या 'पुरेशा सोयी' करण्याचा प्रयत्न राज्यांवर सोपवला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मातृभाषेबद्दल बोलताना 'व्यवहार्य असेल तेवढे' म्हणतो, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, 'शक्य असेल तिथे' असे म्हणते. 'शक्य असेल तिथे' हे तीन शब्द प्रशासनाला पुरून उरतात. शक्य आहे की नाही हे कोणी, कोणत्या माहितीवर ठरवायचे, हे कुठेच लिहिलेले नसल्याने उत्तर आपोआप 'नाही' येते.

बाईंची वही

आता पुन्हा त्या वर्गाकडे. बाईंनी आठ महिन्यांत एक वही केली होती. डावीकडे राज्यभाषेतला शब्द, उजवीकडे मुलांच्या भाषेतला, मुलांनाच विचारून लिहिलेला. चारशेच्या आसपास शब्द : खाली, वर, जास्त, कमी, उरले, मिसळले, अर्धे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, वही त्यांच्याबरोबर गेली. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकाने कोऱ्या वहीचे पहिले पान उघडले.

बदल्यांचे नियम सेवाज्येष्ठता, पती-पत्नी एकत्रीकरण, अवघड क्षेत्र असे बरेच काही पाहतात. शिक्षकाला वर्गाची भाषा येते का, हा रकानाच सहसा नसतो. भरतीतही तेच. स्थानिक भाषा येणारे तरुण कंत्राटी मदतनीस म्हणून, निम्म्याहून कमी मानधनावर घेतले जातात, आणि ज्याला मुले समजतात तोच शाळेत सर्वांत खालच्या पायरीवर बसतो. ओडिशाने २००६ नंतर सावरा, कुई, जुआंग, बोंडा अशा दहा आदिवासी भाषांत हे शिक्षण सुरू केले. त्या अनुभवातून शिकण्यासारखे बरेच आहे, पण पहिला धडा हाच, की पुस्तक छापणे सोपे, त्या भाषेचा शिक्षक त्या शाळेत टिकवणे अवघड. इथिओपियाने १९९४ नंतर प्राथमिक शिक्षण प्रादेशिक भाषांकडे दिले तेव्हा शिक्षकांचे प्रशिक्षणही त्याच भाषांत नेले. तिथे इंग्रजीची ओढ थांबली नाही हे खरे, पण भाषेबरोबर शिक्षकही तयार करायचा असतो एवढे तरी त्यांनी ओळखले.

लिपीचा प्रश्न वेगळाच. संथाली २००३ मध्ये अनुसूचीत आली. तिची स्वतःची ओल चिकी लिपी आहे, पण भाषा देवनागरी, बंगाली, ओडिया आणि रोमन लिपीतही लिहिली जाते. राज्याची सीमा ओलांडली की एकाच भाषेच्या मुलाचे पुस्तक बदलते. लिपीवर एकमत होईपर्यंत पुस्तके थांबली, तर तोवर एक अख्खी पिढी शाळेतून निघून जाते.

पालकांना दोष देऊन चालणार नाही

'पालकांना इंग्रजीचे वेड आहे' हे वाक्य बैठकांत फार वेळा ऐकू येते. मला ते पटत नाही. बारावीनंतरच्या शिक्षणाची, न्यायालयाची, बऱ्या पगाराच्या नोकरीची भाषा इंग्रजी असेल तर पालकाचा हिशेब चोख आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात सांगितले, की राज्याला प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम लादता येत नाही. म्हणजे सक्तीची वाट बंद आहे, आणि ती बंद आहे हे बरेच झाले. दक्षिण आफ्रिकेत मातृभाषेतून शिक्षण वर्णभेदी राजवटीने काळ्या मुलांना खालच्या दर्जाच्या शिक्षणात अडकवण्यासाठी वापरले, आणि गोऱ्या राज्यकर्त्यांच्या आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध १९७६ मध्ये सोवेटोची मुले रस्त्यावर आली. तिथला पालक 'तुमच्याच भाषेत शिका' ऐकून सावध होतो, त्याला इतिहास आहे. चौथीतल्या इंग्रजीच्या उडीऐवजी दोन्ही भाषा बरोबर चालवण्याचा कार्यक्रम तिथे २०२५ मध्ये सुरू झाला. 'इंग्रजी काढून घेत नाही, पायरी लावतो' असे पालकांना वर्गात दिसले, तर तो तिथे रुजण्याची शक्यता आहे.

घाईचा निकाल

मोठ्या देशांत धोरणे फसतात त्याहून जास्त वेळा ती पूर्ण होण्याआधीच मोडली जातात. फिलिपिन्सने २०१२ मध्ये मातृभाषेतून शिक्षण सुरू केले आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा केला. पहिलीपासून त्यात बसलेली पहिली तुकडी २०२४ मध्ये बारावी संपवत होती, आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने प्राथमिकच्या पहिल्या वर्गांतले ते माध्यम रद्द झाले. नायजेरियाने २०२२ मध्ये सहा वर्षे मातृभाषेचे धोरण जाहीर केले, २०२५ मध्ये मागे घेतले, आणि कारण दिले शालान्त परीक्षांतल्या अपयशाचे. २०२२ नंतर पहिलीत आलेले मूल तेव्हा फार तर चौथीत होते. शालान्त निकालावरून त्या धोरणाचा न्याय करणे म्हणजे रोप लावून तिसऱ्या दिवशी मुळे उपटून पाहणे.

अंमलबजावणी करायचीच असेल तर पहिले काम माध्यम जाहीर करणे नाही, नकाशा करणे आहे. प्रत्येक शाळेत पहिलीत येणाऱ्या मुलांच्या घरी कोणती भाषा बोलतात, याची नोंद शिक्षकाने प्रवेशाच्या वेळी करावी. जनगणनेची वाट पाहायची गरज नाही. त्या नोंदीवरून वर्ग तीन प्रकारचे निघतील. जिथे ऐंशी-नव्वद टक्के मुलांची भाषा एक आहे, तिथे पाठ्यपुस्तकासह त्या भाषेचे माध्यम शक्य आहे. जिथे दोन भाषा आहेत, तिथे राज्यभाषेचे पुस्तक आणि शेजारी दोन्ही भाषांत तोंडी काम. जिथे सात भाषा आहेत, म्हणजे बहुतेक महानगरी शाळांत, तिथे कोणतेही एक मातृभाषा माध्यम म्हणजे धूळफेक. तिथे शिक्षकाला बहुभाषिक वर्ग हाताळायचे प्रशिक्षण हवे आणि मुलांना आपापल्या भाषेत एकमेकांशी बोलून गणित सोडवायची मोकळीक.

दुसरे, बदलीच्या अर्जात भाषेचा रकाना घालावा आणि वर्गाची भाषा येणाऱ्या शिक्षकाला किमान पाच वर्षे हलवू नये. याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. तिसरे, शब्दांची वही शाळेच्या दप्तरात जमा करावी, हजेरीपत्रकासारखी. चौथे, तिसरी ते सहावी प्रश्नपत्रिका दोन स्तंभांत, दोन भाषांत छापावी आणि उत्तर कोणत्याही भाषेत ग्राह्य धरावे. याचा खर्च छपाईचा फार नाही, तपासनीस शोधण्याचा आहे, आणि तो आधीच अर्थसंकल्पात दाखवावा. आढावा सहाव्या वर्षाच्या आत घेऊ नये, आणि त्यातली चाचणी दोन्ही भाषांत घ्यावी. 'सात गोट्यांतून तीन हरवल्या'चे उत्तर मुलीने ज्या भाषेत दिले, त्या भाषेत ते तपासता आले पाहिजे.