पाच ओळींत विज्ञान

(विज्ञान मंडळ, इयत्ता सहावी ते आठवी. राष्ट्रीय विज्ञान दिन, २८ फेब्रुवारी)

मुलांनो, यंदा भाषण नाही. प्रत्येक गटाने एक वात्रटिका म्हणायची आणि तिच्यामागचं विज्ञान आपल्या शब्दांत सांगायचं. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ ठसक्यात. मधल्या दोन पटापट, श्वास न घेता. पाचवीच्या आधी मात्र क्षणभर थांबा, सगळा हशा तिथे आहे.

हळद

बंडूच्या शर्टावर भाजीचा डाग,
आई म्हणे, "ऊठ आता, धुण्याला लाग!"
साबण लागता झाला लाल,
बंडू नाचे, "काय कमाल!
हळदीला आलाय गं तुझ्याइतका राग!"

हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि आम्लारीत लालसर तपकिरी होतं. साबण आम्लारीधर्मी, म्हणून डाग लाल. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. हा प्रयोग स्टेजवर करून दाखवा. पांढऱ्या फडक्याचा तुकडा, चिमूटभर हळद, साबणाचं पाणी आणि अर्धं लिंबू एवढंच लागतं, आणि शेवटच्या रांगेतल्यालाही रंग दिसतो. लिटमस कागद नाही म्हणून कुणी अडून बसायला नको.

एसटीतले काका

काका उभे एसटीत दांडी सोडून,
हात दोन्ही पाठीमागे घट्ट जोडून.
म्हैस आली, बस थांबली,
काकांची ती वाट लांबली,
पोचले ते केबिनपाशी, नियम न मोडून!

कुठला नियम? न्यूटनचा पहिला, १६८७ सालचा. इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून नीट ऐका. काकांना पुढे कुणीही ढकललं नाही. बसबरोबर तेही पुढे चाललेच होते. ब्रेक बसला लागला. घर्षणामुळे त्यांचे पाय बसबरोबर थांबले, वरचं शरीर मात्र आधीच्याच वेगाने पुढे गेलं. त्यालाच जडत्व म्हणायचं. "मागून धक्का बसला" असं म्हणणाऱ्या गटाला मी पुन्हा सांगायला लावणार आहे.

कुकर

कुकरच्या पोटात तापली भट्टी,
वाफेची झाकणाशी झाली हो कट्टी.
शंभरलाही उकळेना,
काय झालं ते कळेना,
एकशेवीस झाले नि वाजली शिट्टी!

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं: समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाखाली ते १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळायला लागतं. तूरडाळ लवकर शिजते ती त्या जादा वीस अंशांमुळे.

उलटं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं. वर चहा खळखळ उकळतो, पण भात शिजायला वेळ घेतो. गडावर स्वयंपाक केलेल्या कुणालाही विचारा.

वीज

वीज आली आभाळात झटकन नटून,
गडगडाट मागे पडला, चप्पल तुटून!
एक, दोन, तीन मोज,
मैदानात नको पोज,
किलोमीटरवरच आहे, पळ आत उठून!

लखलखाट आणि गडगडाट एकाच वेळी जन्मतात. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, आवाज जेमतेम ३४० मीटर. म्हणून दोन्हींमध्ये तीन सेकंद गेले तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली. आवाज होतो कसा? विजेच्या वाटेवरची हवा क्षणात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते आणि स्फोटासारखी फुगते.

ही एक वात्रटिका हसून विसरायची नाही. गडगडाट ऐकू आला की आपण विजेच्या टप्प्यात आहोत असं समजा. झाडाखाली उभं राहू नका, पक्क्या घरात जा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. शेतावर काम करणाऱ्या घरच्यांनाही हे म्हणून दाखवा.

माठ

उन्हाळ्यात माठाला सुटला घाम,
फ्रिज म्हणे, "गड्या, तुझं हेच का काम?"
"वीज नाही, बिल नाही,
तरी पाणी चिल नाही?
घामावर गारवा, लागेना दाम!"

माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं, ती उरलेल्या पाण्यातूनच. मे महिन्यात विदर्भात माठ छान गार होतो, कोकणात तितका नाही. तिथली हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. माठ झाकून, ओलं फडकं गुंडाळून, वाऱ्याच्या जागी ठेवतात, यातली एकेक गोष्ट का करतात ते गटाने शोधून यावं.

सावली

मे महिन्यात एके दिवशी भर दुपारी
सावली माझी झाली हो फरारी!
शोधलं पुढे, शोधलं मागे,
पायाखाली बसून सांगे,
"सूर्य ऐन डोक्यावर, सुट्टी मला सारी!"

हा शून्य सावलीचा दिवस. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांना तो वर्षातून दोनदा मिळतो. आपल्याकडे एकदा मेच्या मध्याला, पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात. जुलैत ढग असतात, म्हणून मे सोडायचा नाही. दिल्लीकरांना तो कधीच मिळत नाही. घड्याळात बारा वाजता बघू नका. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आपण तिच्या पश्चिमेला. आपली खरी मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. सरळ उभी बाटली ठेवा आणि तिची सावली आकसताना पाहा.

चंद्रावरची आजी

चंद्रावर आजी गेली, काट्यावर चढली,
साठाचे दहा पाहून हरखून पडली!
"लाडू आणा, खाते चार!"
डॉक्टर म्हणती, "नका फार!
घट फक्त ओढीची, आजी नाही झडली!"

चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. काटा ओढ मोजतो, म्हणून दहा. आजीचं वस्तुमान दोन्हीकडे साठ किलोच.

कांदा

कांदा कापता ताई रडे ढसाढसा,
दादा पुसे, "निकाल तुझा लागला गं कसा?"
"पेपर नाही, मार नाही,
कांदा गप्प बसणार नाही,
कापलं की सोडतो हा वायूच असा!"

चिरल्यावर पेशी फुटतात, त्यातलं विकर कामाला लागतं आणि गंधकयुक्त वायू तयार होतो. तो डोळ्यांना झोंबतो, डोळे पाणी सोडून तो धुऊन काढतात. कांदा आधी फ्रिजमध्ये ठेवला तर विकर मंदावतं.

एक गोष्ट राहिली. सरावाच्या वेळी एका गटाने "चहात साखर वितळली" अशी ओळ आणली होती. यमक झकास होतं, तरी मी ती परत केली. विनोदात आजी चंद्रावर जाऊ शकते, पण साखर चहात वितळू शकत नाही. ती वितळायला सुमारे १८६ अंश लागतात, आणि चहा तर १०० च्या पलीकडे जात नाही. गट रुसला, मधल्या सुट्टीभर कोपऱ्यात बसला आणि हे घेऊन आला. कार्यक्रमाचा शेवट याच वात्रटिकेने करायचा, सगळ्यांनी मिळून.

साखर म्हणे चहाला, "मी नाही वितळले,
तुझ्यामध्ये गुपचूप मी विरघळले!
वितळाया हवी आच,
विरघळाया चहाच,
शब्द चुकलात तर गुण तुमचे गळले!"