साइट व्हिजिट रिपोर्ट : थिबा पॅलेस, रत्नागिरी

आर्किटेक्चर, तिसरं वर्ष, डिझाइन स्टुडिओ
भेट : ऑगस्टमधला शनिवार, सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड, अधूनमधून पावसाच्या सरी
स्टुडिओचा विषय : पॅलेसच्या आवारात छोटं माहिती केंद्र

इतिहास थोडक्यातच लिहिते. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला 1885 च्या लढाईनंतर इंग्रजांनी मंडालेहून उचललं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. पॅलेस बांधून होऊन कुटुंब इथे राहायला आलं ते 1910 मध्ये, तोवर ते बंगल्यांतच राहत होतं. 1916 च्या डिसेंबरात राजा गेला, म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम शेवटची सहा वर्षं या घरातली. 1919 मध्ये राणी सुपयालत आणि घरची बरीचशी माणसं परत गेली. आता आत म्युझियम आहे.

आवारात शिरल्यावर राजवाडा बघितल्यासारखं वाटतच नाही, आपल्याकडचं एखादं मोठं घर अवाढव्य केल्यासारखं वाटतं, कारण माल सगळा ओळखीचा आहे, जांभा, लाल वीट, उतरती कौलारू छपरं, लाकूड. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर झड बनून आडवा येतो, त्यामुळे इथलं छप्पर नुसतं झाकण घालून भागत नाही, त्याला भिंतीपासून पाणी लांब फेकावं लागतं. साडेदहाच्या सुमाराला मोठी सर आली तेव्हा स्केचबुक मिटून मी पागोळ्या बघत उभी राहिले. पाणी जोत्यापासून हातभर लांब पडत होतं, पण जमिनीवर आपटून उडालेले शिंतोडे परत भिंतीवर येत होते आणि साधारण गुडघ्यापर्यंत शेवाळाचा हिरवा पट्टा दिसत होता, त्याच्या वर चिरा कोरडा. हा पट्टा मला सगळ्या भेटीत सगळ्यात जास्त शिकवून गेला, भिंतीला खरा त्रास वरच्या पाण्याचा कमी आणि खालून उडणाऱ्या पाण्याचा जास्त, हे सेक्शन काढताना कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एका चिऱ्यावर पांढरी बुरशीसारखी पूड होती, बोट फिरवलं तर निघाली. तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की त्यातल्या लोहामुळे कडक होतो, पण अंगभर भोकं तशीच राहतात, म्हणजे तो पाणी पितो आणि सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते. अशा भिंतीला डागडुजी म्हणून सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आतच कोंडते आणि चिरा पापुद्र्यापापुद्र्याने सुटायला लागतो. आमच्या गावाकडे जुन्या घरांना सर्रास सिमेंट मारतात, भिंत मजबूत होते म्हणून, आणि मला हे बघून खरंच वाईट वाटतं.

खिडक्या अर्धगोल कमानीच्या, लाकडावर नक्षी, वर रंगीत काच. ढग सरकले की जमिनीवरचा रंग फिका होतो, परत गडद होतो. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा नाचाचा हॉल आहे, तिथे पाय गार पडले.

पण जे लिहायचंय ते पश्चिमेच्या बाजूबद्दल. वरून भाट्याची खाडी दिसते आणि पुढे समुद्र. आमच्यातल्या एकीने विचारलं की मग याला कैद कसं म्हणायचं, गज नाहीत, कोठडी नाही. तिथल्या राखणदार काकांनी सहज सांगितलं, "समुद्र दिसायचा हो, पण जाता कुठे येत होतं?" मला वाटतं या इमारतीचं सगळं प्लॅनिंग त्या एका वाक्यात आहे. जागा उंचावर, चारी बाजूंनी मोकळी, मान मोठा, खोल्या भरपूर, आणि त्यामुळेच राजा कुठे आहे हे खालच्या गावाला कायम माहीत. आपण स्टुडिओत व्ह्यू म्हणजे चांगलाच असं धरून चालतो, प्रत्येक प्रोजेक्टला समुद्राकडे मोठी काच लावतो, आणि इथे तोच व्ह्यू त्या माणसाला रोज काय वाटायला लावत असेल याचा विचार मला घरी आल्यावरही सोडत नव्हता.

डिझाइनवर याचा परिणाम असा की पहिल्या स्केचमधलं खाडीच्या बाजूचं केंद्र मी काढून टाकतेय. केंद्र मागे, झाडांच्या बाजूला, एकमजली, पॅलेसच्या छपरापेक्षा बरंच खाली. लोकांनी आधी तिथे राजाची गोष्ट वाचावी, बसावं, आणि मग वर जाऊन खाडीकडे बघावं. वळचण पॅलेसपेक्षा जास्त बाहेर घेतेय आणि पागोळ्या पडतात तिथे जमिनीवर गोट्यांचा पट्टा देतेय, म्हणजे शिंतोडे कमी उडतील. भिंती जांभ्याच्याच, आत-बाहेर चुना. मॅडम, चुन्याचं काम करणारे गवंडी जवळपास मिळतात का याची चौकशी चालू आहे, पुढच्या क्रिटला सेक्शनसोबत तेही सांगते.