बावन्न घोडे पाण्यात, बारा घोडे हवेत

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, सर्व शिक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी नववी ‘ब’मधली. आज 17 डिसेंबर. 1903 साली याच तारखेला राईट बंधूंनी विमान उडवलं, हे आपण पाचवीपासून पाठ करत आलो आहोत. पण ते त्यांनाच का जमलं? विज्ञान मंडळात सरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी पटकन म्हणाले, “सर, त्यांनी पंखांना इंजिन जोडलं.” सर फक्त हसले. ते का हसले हे शोधण्यात माझे दोन आठवडे गेले.

कारण पंखांना इंजिन त्यांच्या आधीही लोकांनी जोडलं होतं. फ्रान्समध्ये क्लेमां आदेर यांचं वाफेवरचं यंत्र 1890 मध्ये जमिनीपासून जेमतेम वीतभर उचललं गेलं आणि पन्नासेक मीटर गेलं. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिम यांनी 1894 मध्ये साडेतीन टनांचं धूड बांधलं. त्याला वाफेची दोन इंजिनं होती, मिळून 360 अश्वशक्तीची. ते रुळांवरून धावायचं आणि फार वर जाऊ नये म्हणून वरून आडवे रूळ लावलेले होते. एके दिवशी त्यानं जोरात उचल घेतली आणि तो अडसरच मोडला. मॅक्सिमसाहेबांनी घाईघाईनं वाफ बंद केली. जोर होता, उचल होती, पण वर गेल्यावर त्या धुडाला सांभाळणार कोण?

अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली हे मोठे शास्त्रज्ञ, स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांची बिनमाणसाची छोटी विमानं 1896 मध्येच छान उडाली होती. मग सरकारनं माणूस नेणाऱ्या विमानासाठी त्यांना 50,000 डॉलर दिले. त्यांचं इंजिन 52 अश्वशक्तीचं होतं, त्या काळात नवल वाटावं असं. ऑक्टोबर 1903 मध्ये पोटोमॅक नदीतल्या नावेच्या छपरावरून विमान सोडलं, ते सरळ पाण्यात गेलं. 8 डिसेंबरला पुन्हा सोडलं, पुन्हा पाण्यात. चालक दोन्ही वेळा वाचला, हे नशीब. आणि त्यानंतर नऊच दिवसांनी सायकलच्या दुकानात बनलेलं 12 अश्वशक्तीचं इंजिन हवेत गेलं.

लँग्लींवर अन्याय नको. त्यांचं विमान पडलं ते सोडण्याच्या यंत्रणेमुळे किंवा सांगाडा कमजोर असल्यामुळे. पण समजा ते नीट सुटलं असतं, तरी वाऱ्यानं एक पंख खाली दाबला असता तर तो वर आणायला चालकाच्या हातात काहीच नव्हतं. विमान आपला तोल आपणच सांभाळेल, अशी लँग्लींची कल्पना होती.

सायकल शिकताना माझा दादा मागून सीट धरून पळायचा. तोवर मला वाटायचं, पायडल जोरात मारलं की झालं. त्यानं हात सोडला आणि मी जोरात पायडल मारत जोरातच कुंपणावर गेले. विल्बर आणि ऑरव्हिल राईट यांचं डेटन गावात सायकलचं दुकान होतं. सायकल उभी केली तर पडते, तिला सावरतो तो चालवणारा, हे त्यांना रोजच दिसत असणार. आणि जर्मनीच्या ऑटो लिलिएंथाल यांचं काय झालं, तेही त्यांनी वाचलं होतं. लिलिएंथाल यांनी टेकडीवरून दोन हजारांहून जास्त वेळा बिनइंजिनाची झेप घेतली. तोल सांभाळायला ते पंखाखाली लोंबकळून पाय इकडेतिकडे झुलवायचे. ऑगस्ट 1896 मध्ये विमानाचं नाक अचानक वर गेलं, पाय झुलवून ते खाली येईना, आणि ते पडले. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्याकडे पंख होते, अनुभवही होता. सावरायचं साधन मात्र दुबळं होतं.

सायकलला डावी-उजवीकडेच सांभाळावं लागतं. विमानाचं तिप्पट काम. नाक वर-खाली होतं, नाक डावी-उजवीकडे वळतं आणि अख्खं विमान एका पंखावर कलंडतं. हे तिसरं सगळ्यात अवघड.

आता हा टूथपेस्टचा रिकामा खोका बघा. दोन्ही टोकं मी उघडली आहेत. मागच्या बाकांना दिसतोय ना? वरची बाजू एक पंख, खालची दुसरा. आता मी त्याला पिळते. एका टोकाची मागची कड खाली गेली, दुसऱ्या टोकाची वर. ज्या टोकाची कड खाली, तिथे हवा जास्त उचल देते आणि ती बाजू वर येते. 1899 मध्ये विल्बर दुकानात सायकलच्या ट्यूबचा खोका हातात घेऊन असाच पिळत होते, आणि त्यांना पंख पिळायची युक्ती सुचली. विमानात चालक पोटावर झोपायचा, कमरेखाली लाकडी पाळणा असायचा. कंबर सरकवली की तारा ओढल्या जायच्या आणि पंख पिळले जायचे. नाक वर-खाली करायला पुढे आडवी पट्टी होती, हातातल्या दांड्यानं हलणारी.

पण गंमत पुढेच आहे. जी बाजू जास्त उचल घेते, तिला हवा मागेही जास्त ओढते. म्हणजे डावीकडे वळायला उजवा पंख वर उचलावा, तर तोच मागे राहतो आणि नाक भलतीकडेच वळतं. 1902 मध्ये त्यांनी मागे दोन उभी शेपटं बसवली. ती घट्ट होती, हलत नव्हती. त्यानं बराच फरक पडला, पण कधीकधी विमान खालच्या पंखाकडे घसरत गरगरत वाळूत घुसायचं. याला दोघे भाऊ थट्टेनं ‘विहीर खणणं’ म्हणत! मग एका रात्री कॉफी जास्त झाल्यामुळे ऑरव्हिल यांना झोप येईना, आणि सुचलं की शेपूट हलतं करावं. विल्बर म्हणाले, मग त्याच्या तारा पाळण्यालाच जोडू. झालं. त्या हंगामात त्यांनी शेकडो वेळा हवेत सराव केला. इंजिन तोवर नव्हतंच. मार्च 1903 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, त्यातही इंजिन नाही. आहे ते सगळं विमान ताब्यात ठेवण्याबद्दल. माझ्या मते, सरांच्या हसण्याचं उत्तर या अर्जातच होतं.

इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर यांनी साधारण सहा आठवड्यांत बनवलं. म्हणजे जे आपण सगळ्यात मोठं समजतो, ते सगळ्यात लवकर झालं.

17 डिसेंबरला सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पुढची पट्टी फारच हळवी होती, विमान सारखं वर-खाली होत होतं. पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं, 120 फुटांचं. चौथं 59 सेकंदांचं, 852 फुटांचं. पुढे 1905 मध्ये ते 24 मैल उडाले, गोल गोल वळणं घेत. 1908 मध्ये विल्बर फ्रान्सला गेले. तिथेही लोक उडत होते, पण पंख न कलवता, घसरत वळत होते. विल्बर यांनी विमान पंखावर कलतं करून सहज वळवलं आणि बघणारे थक्क झाले.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते 17 डिसेंबरचंच, चौथ्या उड्डाणानंतरचं. विमान वाळूत उभं होतं, सगळे गप्पा मारत होते. तेवढ्यात जोराचा वारा आला. पंख तेच होते, आणि वाऱ्यानं त्यांना उचललंही, अगदी व्यवस्थित. मदतीला आलेले जॉन डॅनियल्स धावत जाऊन त्याला लटकले, तर तेही त्यात अडकून गडगडत गेले. पाळण्यात त्या वेळी कोणीच नव्हतं. विमानाचे तुकडे झाले, आणि ते पुन्हा कधीच उडालं नाही.

धन्यवाद.