काल रात्री ४७ मिनिटं

गुरुवार

समीर, रात्री ११:४२
फोन ठेवून सहा मिनिटं झाली. पाणी प्यायलो, गॅलरीत गेलो, परत आलो. हे तुला सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही. तुझा आवाज फार सुंदर आहे.

समीर, ११:४६
नुसतं सुंदर म्हणून भागत नाही. दोन आठवडे तुझे मेसेज मी मनात एका बारीक, भराभर बोलणाऱ्या मुलीच्या आवाजात वाचत होतो. साखरपुड्यात त्या डीजेपुढे तुझं काही ऐकूच आलं नव्हतं ना. आणि आज तू “हॅलो, बोला” म्हणालीस. भरदार, सावकाश, तळाशी किंचित खरखर. थंडीत जुनी गोधडी अंगावर ओढावी तसं वाटलं.
आणि तुझा ळ! “तलावपाळी” म्हणताना तू तो पुरता टेकवतेस. परत म्हणवून घ्यायचा होता, धीर झाला नाही.

मृणाल, ११:५१
जागी आहे. वाचलं. तीनदा.

मृणाल, ११:५२
काय लिहू सुचत नाहीये. उद्या लिहिते, चालेल?

समीर, ११:५२
चालेल. झोप शांत.

शुक्रवार

मृणाल, सकाळी ८:५६
ऐरोलीला गाडीत बसायला मिळालं, म्हणून आता नीट लिहिते.
पाचवीत स्नेहसंमेलनाला आमचं समूहगीत होतं. तालमीत बाईंनी माझ्यापाशी येऊन हळूच सांगितलं, “तू नुसते ओठ हलव हं.” बाकीच्यांच्यात माझा आवाज वेगळा पडत होता म्हणे. मी पूर्ण गाणं ओठ हलवले. आई पहिल्या रांगेत बसली होती. घरी गेल्यावर म्हणाली, छान गायलात गं सगळ्या. तिला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.
तेव्हापासून मी कुणाला व्हॉइस नोट पाठवत नाही. बँकेत फोन उचलला की समोरचा “हॅलो सर” म्हणतो. काल तुझा फोन वाजला तेव्हा पाच रिंगा नुसती बघत बसले होते.
त्यामुळे तुझा मेसेज मी तीनदा का वाचला, ते तुला कळावं म्हणून हे.

मृणाल, ९:०८
कोपरखैरणे गेलं. आता गर्दी आहे, दाराकडे सरकते.

समीर, ९:२१
पेशंट येण्याआधी हे लिहितोच. मी दिवसभर लोकांचे कान तपासतो, ऑडिओग्रामचे आलेख काढतो. आवाज हेच माझं काम आहे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेव. तुझ्या आवाजात काहीही चुकीचं नाही. तो खालच्या पट्टीतला आहे. गाण्याची पट्टी बाकीच्यांना सोयीची लावली होती, तुझ्यासाठी लावलीच नव्हती. ओठ हलवणारी ती दहा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोरून जात नाहीये.

समीर, ९:२४
अजून एक. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. बाईमाणसाच्या आवाजाचा मूळ सूर २०० च्या आसपास असतो, तुझा त्याहून खालीच असेल. म्हणजे तो सूर लाइनवरून येतच नाही, वरच्या सुरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो. काल तुझा कॉल तसाच पातळ येत होता. तरी माझी ही अवस्था.
खरा आवाज मी अजून ऐकलेलाच नाही, मृणाल.

मृणाल, दुपारी १:३७
डबा उघडून बसलेय आणि जेवत नाहीये. शेजारची विचारते, काय झालं एवढं हसायला.

मृणाल, १:३८
म्हणजे समोर बसून ऐकायचाय, असं सरळ म्हण की.

समीर, १:३९
समोर बसून ऐकायचाय.

मृणाल, १:३९
असं 🙈

समीर, १:४१
आणि काल साधारण अर्ध्या तासानं तू “तुम्ही” सोडलंस. “अरे, तू ऐक तर!” असं म्हणालीस. तुझ्या लक्षात तरी आलं का?

मृणाल, १:४३
आलं. जीभ चावली होती.
मग म्हटलं, निघालंच आहे तोंडातून तर राहू दे. तू पण काही बोलला नाहीस.

समीर, १:४४
बोललो असतो तर तू परत “तुम्ही” केलं असतंस. गप्प बसून ते “तू” जपून ठेवलं.

मृणाल, १:४६
तुझ्याबद्दल पण सांगायचंय. तू मध्येच थांबतोस ना, माझं बोलणं पूर्ण व्हायची वाट बघत, ते मला फार आवडलं. मला वाटलं रेंज गेली. मग तुझा श्वास ऐकू आला. फोनवर इतकं नीट ऐकून घेणारं मला कुणी भेटलेलं नाही.
आणि “हो का” म्हणताना तू हसतोस. ते हसू ऐकू येतं.

समीर, १:४७
आता पुढचा पेशंट आत येईल आणि मी असा हसत बसलेलो दिसेन.

मृणाल, १:४८
दिसू दे.

समीर, संध्याकाळी ६:१२
रविवारी मोकळी आहेस? तुमच्या ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो आलेत. जैवविविधता केंद्रातून बोट निघते, पण ती भरतीच्या वेळेवर. वेळ बघून सांगू का?

मृणाल, ६:२०
फ्लेमिंगो मला आवडतात. पण बोटीच्या इंजिनापुढे माझा खालचा सूर तुला कसा ऐकू येणार?

समीर, ६:२१
हे माझ्या लक्षात कसं आलं नाही!

मृणाल, ६:२३
तलावपाळी. रविवारी सकाळी साडेसातला, कौपिनेश्वराच्या बाजूनं. तेव्हा गर्दी कमी असते. तळ्याला एक फेरी मारू, मग मिसळ.

समीर, ६:२३
दोन फेऱ्या.

मृणाल, ६:२४
एक. सावकाश.

समीर, ६:२५
तुझ्या आवाजासारखी. मान्य.

मृणाल, ६:२९
तू असं लिहितोस आणि मग मला गर्दीत तोंड लपवायला जागा शोधावी लागते. सानपाड्याला उभी आहे.

मृणाल, रात्री ९:५८
🎤 व्हॉइस नोट, ०:०९
“तलावपाळी. तलावपाळी. घे, दोनदा म्हटलं. आता पुरे हं… समीर.”

समीर, १०:०१
पाच वेळा ऐकली. शेवटी माझं नाव घेण्याआधी तू जे थांबलीस, तिथे दर वेळी माझा श्वास अडकतो.
पाचवीनंतरची ही पहिली?

मृणाल, १०:०२
पहिली. सात वेळा रेकॉर्ड करून पुसली. आठवी पाठवली, डोळे मिटून.

समीर, १०:०३
कुणाला ऐकवणार नाही. माझ्यापाशीच राहील.

मृणाल, १०:०४
माहितीये. म्हणून तर पाठवली.

समीर, १०:०६
आज फोन करू? की रविवारपर्यंत थांबू? तू म्हणशील तसं.

मृणाल, १०:०८
आजी सव्वादहाला झोपते. साडेदहाला कर. मी गच्चीत जाते, तिथे रेंज चांगली असते. हळू बोलेन मात्र, खाली काकूंची खिडकी आहे.

समीर, १०:०९
हळू बोललीस तर अजूनच पंचाईत आहे माझी.

मृणाल, १०:०९
होऊ दे की.

मृणाल, १०:३१
अजून वाजला नाही.