मॉरिशसच्या मैत्रिणीला पहिलं पत्र

हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
१३ जुलै २०२५

प्रिय अनुष्का,

सप्रेम नमस्कार.

मी स्वरा. यंदा नववीत आहे. तुझा पत्ता आमच्या मराठीच्या बाईंनी दिला. तूही शाळेत मराठी शिकतेस हे ऐकल्यावर कधी एकदा पत्र लिहिते असं झालं होतं.

आमच्या घरी बाबा, आई, आजी आणि धाकटा ओंकार. बाबांची मासेमारीची होडी आहे. पावसात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे सध्या होडी ताडपत्रीखाली आणि बाबा ओटीवर जाळी दुरुस्त करत बसलेले. मला हे दिवस आवडतात, बाबा रोज घरी असतात! दारातून सुवर्णदुर्ग दिसतो, समुद्रातला किल्ला. आज मात्र पावसापुढे त्याचा पत्ता नाही.

एरवी तू संध्याकाळी आमच्या बंदरावर यायला हवंस. मोठ्या होड्या थेट वाळूपर्यंत येत नाहीत, म्हणून बैलगाड्या पाण्यात घालतात. बैलांच्या पोटाला लाटा लागतात, तरी ते बिचकत नाहीत. मासळी वाळूवर ओतली की लिलाव सुरू. आई बांगडा, कोलंबी घेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दापोलीला नेऊन विकते. भाव करताना तिचा आवाज एवढ्या गर्दीतही मला लांबून ओळखू येतो. मला पुढे समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायचा आहे. इथून जवळ वेळासला कासवांची अंडी जपतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. ती इवलीशी पिल्लं पाण्याकडे धावताना पाहिली तेव्हाच मी हे ठरवलं.

बाई सांगत होत्या, तुमच्याकडच्या मराठी लोकांचे पूर्वज उसाच्या मळ्यांत कामाला गेले, त्यातले बरेच आमच्या रत्नागिरीकडचे. ते जिथे बोटीतून उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट मी पुस्तकात पाहिला. तू तिथे गेली आहेस का? तुझ्या घरातलं कोण, कुठल्या गावाहून गेलं, हे घरात कुणाला ठाऊक आहे का? गाव आमच्या बाजूचं निघालं तर मी तिथे जाऊन तुला सगळं कळवीन.

गणपतीला तुमच्याकडे सरकारी सुट्टी असते म्हणे! यंदा २७ ऑगस्टला गणपती. मुंबईहून काका-काकू येतील, आजी उकडीचे मोदक करेल, रात्री अंगणात जाखडी. तिकडेही जाखडी नाचतात असं ऐकलंय. गाणी कोणती म्हणता? एखादं पूर्ण लिहून पाठव, मी आजीला म्हणून दाखवीन.

आणि तुझ्याबद्दल खूप लिही. घरी कोणती भाषा बोलता? मैत्रिणींशी क्रिओलच बोलतेस का? आता तुमच्याकडे हिवाळा ना, स्वेटर लागतो का? तुला मासे आवडतात का?

सोबत सुवर्णदुर्गाचं मी काढलेलं चित्र पाठवते आहे. आई-बाबांना माझा नमस्कार सांग. पत्राची खूप वाट बघते.

तुझी नवी मैत्रीण,
स्वरा