वाघोलीतील दोन बांधकाम साइटवर पाळणाघरे : सुधारित सीएसआर प्रस्ताव

प्रति, सीएसआर समिती

पहिल्या प्रस्तावात आम्ही 'मजुरांच्या मुलांचा सर्वांगीण विकास' एवढेच लिहिले होते. मुले किती, खर्च कशावर आणि बदल झाला हे कशावरून ओळखायचे, असे आपण विचारलेत. प्रश्न रास्त आहेत. त्यांना धरून प्रस्ताव नव्याने मांडत आहोत.

गरज
जानेवारीत दोन्ही साइटवर आम्ही खोलीखोलीत जाऊन नोंद केली. सहा वर्षांखालची ७१ मुले आढळली. आईवडील दोघेही सकाळी आठला कामावर जातात ते सहाला परततात. अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधी सुटते. एका खोलीत दीड वर्षाच्या मुलाचा पाय ओढणीने खाटेला बांधलेला होता. "मोकळा सोडला तर लिफ्टच्या खड्ड्याकडे जातो," आई म्हणाली. बाकी घरांत राखण थोरली बहीण करते. अशा ११ मुलींची शाळा सुटली आहे. पाच वर्षांखालच्या, सहा महिन्यांवरील ५८ मुलांच्या दंडाचा घेर मोजला. १३ जणांचा १२.५ सेंमीच्या आत भरला, त्यांपैकी तिघांचा ११.५ च्याही आत, म्हणजे तीव्र कुपोषण. त्या तिघांना आम्ही लगेच सरकारी रुग्णालयात दाखल केले.

अंदाजपत्रक (१२ महिने, ६० मुले)
सहा ताई, दरमहा १४,००० प्रमाणे : १०,०८,००० रुपये
आहार, रोज ३५ रुपये, ३०० दिवस : ६,३०,०००
समन्वयक : २,४०,०००
वजनकाटे, सतरंज्या, खेळणी, भांडी : ९०,०००
डॉक्टरांची मासिक भेट : ७२,०००
हिशेब व लेखापरीक्षण : ६०,०००
एकूण : २१,००,००० रुपये

म्हणजे एका मुलामागे दिवसाला सुमारे ११७ रुपये. जागा, पाणी आणि वीज बांधकाम व्यावसायिक देणार आहेत. ताईंच्या पगारात कपात सुचवू नये, ही विनंती. दहा मुलांमागे एक ताई नसेल, तर सहा महिन्यांच्या बाळांना सांभाळता येत नाही.

मोजता येणारे बदल
कुटुंबे मधेच दुसऱ्या साइटवर जातात. म्हणून निष्कर्ष किमान चार महिने राहिलेल्या मुलांवरच काढू. सोडून गेलेल्यांची संख्या वेगळी कळवू. दंडघेर १२.५ सेंमीच्या आत असलेल्या मुलांपैकी निम्मी तरी चार महिन्यांत त्या रेषेच्या वर यावीत. ११ पैकी किमान ८ मुली शाळेत परताव्यात. पुरावा शाळेच्या हजेरीपटाचा. मुलांची सरासरी उपस्थिती ७५ टक्के राहावी. वजन दरमहा, दंडघेर दर पंधरा दिवसांनी घेऊ.

प्रकल्प कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीतील कुपोषण निर्मूलन व शिक्षण या विषयांत बसतो. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आहे.

निधी तीन हप्त्यांत द्यावा : सुरुवातीला ४० टक्के, पाचव्या महिन्यात ४०, नवव्या महिन्यात २०. पुढचा हप्ता आधीचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि वरील आकडे पाहूनच सोडावा. पाहणीसाठी आठ ते सहाच्या दरम्यान कधीही, न कळवता यावे.