विषय : १ जानेवारी २०२६ पासून द्राक्षाच्या खोक्यांच्या दरात होणाऱ्या बदलाबाबत

अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक
दि. ५ डिसेंबर २०२५

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेकांशी आमच्या कारखान्याचा व्यवहार दहा वर्षांहून जुना आहे आणि काहींशी तर माझ्या वडिलांनी २७ वर्षांपूर्वी अंबडला पहिले मशीन बसवले तेव्हापासूनचा आहे. म्हणूनच ही गोष्ट आपल्याला जानेवारीच्या पहिल्या बिलावरून कळू नये, हंगाम उभा राहण्याआधी सविस्तर कळावी, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

येत्या १ जानेवारीपासून निर्यातीच्या साडेचार किलोच्या पाच प्लाय छापील खोक्याचा दर ४२ रुपयांवरून ४५ रुपये ५० पैसे होईल आणि स्थानिक बाजाराच्या दोन किलोच्या तीन प्लाय खोक्याचा दर १५ रुपयांवरून १५ रुपये ९० पैसे होईल. आतल्या पॅडचे आणि पार्टिशनचे दर आहेत तेच राहतील. हे सर्व दर कर वगळून आहेत. यापूर्वीची दरवाढ आम्ही जानेवारी २०२४ मध्ये केली होती. गेले दोन हंगाम तोच दर ठेवता आला, यंदा मात्र तो ठेवणे शक्य राहिले नाही.

साडेतीन रुपये म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या वर वाढ झाली आणि ज्यांना हंगामात पन्नास हजार खोकी लागतात त्यांच्यासाठी हा पावणेदोन लाखांचा फरक आहे. यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, त्यामुळे खरड छाटणीनंतरच्या काडीचे काय झाले आणि पुढे गोडी छाटणीच्या वेळी बागांमध्ये काय पाहावे लागले, हे निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे खोकी पोहोचवताना आम्ही रोज ऐकले आहे. अशा वर्षी दर वाढवताना हिशेब न सांगता नुसता आकडा कळवणे मला बरोबर वाटत नाही. म्हणून साडेतीन रुपयांतला पैसा कुठे जातो, ते सांगतो.

साडेचार किलोचे आपले खोके साधारण ५५० ग्रॅम वजनाचे असते आणि छाटकाट धरून त्याला ६०० ग्रॅम क्राफ्ट कागद लागतो. वापीच्या बाजूच्या ज्या मिलकडून आम्ही कागद घेतो, तिच्या बिलांवर दोन वर्षांत किलोमागे ३ रुपये वाढले आणि दर ३३ वरून ३६ रुपयांवर गेला. हा कागद मुख्यतः रद्दीच्या लगद्यापासून बनतो, त्यामुळे रद्दी महागली की कागद महागतो आणि त्यावर ना मिलचा फारसा ताबा असतो, ना आमचा. साडेतीन रुपयांपैकी १ रुपया ८० पैसे हे एवढ्या एका कारणाने वाढले आहेत. कामगारांच्या पगारवाढीचे ७० पैसे आहेत. पंचिंग आणि स्टिचिंगवर आमच्याकडे १५ वर्षांपासून असलेली माणसे आहेत, ऐन हंगामात रात्रपाळी करून तीच आपला माल वेळेवर देतात, आणि त्यांचा पगार अडवून दर खाली ठेवणे आम्हाला मान्य नाही. वीज आणि पेठ रस्त्याने येणाऱ्या कागदाचे भाडे मिळून ४५ पैसे होतात.

उरलेले ५५ पैसे जीएसटीमुळे आहेत. ही बाब थोडी गुंतागुंतीची असली तरी ‘टॅक्स कमी झाला, मग दर कसा वाढतो?’ असा प्रश्न आपल्यापैकी तिघा-चौघांनी फोनवर विचारला आणि तो अगदी रास्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोरुगेटेड खोक्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हे खरे आहे. ती सात टक्क्यांची सवलत त्याच दिवसाच्या बिलापासून आम्ही आपल्याला पूर्ण दिली. परंतु त्याच दिवसापासून क्राफ्ट कागदावरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. एका खोक्याला लागणाऱ्या २१ रुपये ६० पैशांच्या कागदावर आम्ही आता मिलला ३ रुपये ८९ पैसे कर देतो आणि नव्या दराने ते खोके विकल्यावर आपल्याकडून मात्र २ रुपये २८ पैसेच कर जमा होतो. म्हणजे प्रत्येक खोक्यामागे १ रुपया ६१ पैसे सरकारकडे अडकतात. त्यांचा परतावा मिळतो, पण अर्ज, तपासणी आणि मंजुरी होईपर्यंत ते पैसे आमच्या हातात नसतात आणि तेवढ्या काळासाठी बँकेच्या सीसीवर व्याज भरावे लागते. शिवाय भाडे, दुरुस्ती यांसारख्या सेवांवर आणि मशिनरीवर भरलेला कर या परताव्याच्या हिशेबात धरला जात नाही. ते ५५ पैसे या व्याजाचे आणि या न मिळणाऱ्या कराचे आहेत.

ज्या बागायतदारांची जीएसटी नोंदणी नाही, त्यांच्यासाठी एक आकडा स्पष्ट करतो. सप्टेंबरपूर्वी त्यांना एक खोके करासह ४७ रुपये ४ पैशांना पडत होते, सध्या ४४ रुपये १० पैशांना पडते आणि जानेवारीपासून ४७ रुपये ७८ पैशांना पडेल. दरवाढ लहान दिसावी म्हणून मी जुन्या रकमेशी तुलना करत नाही. कर कमी झाला तो आपल्या हक्काचा फायदा होता आणि आजच्या भावापेक्षा आपल्याला ३ रुपये ६८ पैसे जास्तच मोजावे लागणार आहेत.

दर न वाढवता भागवण्याचा एक मार्ग आमच्यासमोर होता. तो आम्ही का घेतला नाही, हे सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कागदाचा जीएसएम थोडा उतरवला किंवा मधल्या थरांना कमी बीएफचा कागद घातला, तर खोके बाहेरून तसेच दिसते, छपाई तशीच उठते आणि कारखान्यातून निघताना कोणाच्याही लक्षात येत नाही. सात वर्षांपूर्वी असेच कागदाचे भाव चढले असताना, दर न वाढवण्याच्या ओढीने आम्ही एका लॉटमध्ये हे केले होते. दहा-बारा दिवसांनी दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाउसमधून सकाळी सातला फोन आला, ‘शेठ, तुमची खोकी बसली, या आणि बघा.’ मी आणि वडील लगेच गेलो. कोल्ड स्टोरेजमध्ये पॅलेटवरची सर्वांत खालची रांग कोपऱ्यांतून आत दबली होती, खोक्याची बाजू बोटाने दाबली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी आत जात होती आणि आतल्या पनेटमधल्या मण्यांना पाणी सुटले होते. त्या बागायतदाराने आवाज चढवला नाही. एक खोके उचलून वडिलांच्या हातात दिले, एवढेच केले. आम्ही सगळा लॉट बदलून दिला आणि खराब झालेल्या मालाचे पैसेही दिले, पण परतीच्या वाटेवर वडील अंबडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुन्हा कागद उतरवायचा नाही, हे त्या दिवशी ठरले.

द्राक्षाचे खोके शून्य अंशाच्या आसपास आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रतेत राहते, तिथे कागद ओल ओढतो आणि त्याची उभी ताकद कमी होत जाते. त्यात २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपला जाणारी बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि न्हावा शेवाहून निघालेल्या कंटेनरचे समुद्रावरचे दिवस वाढले. जेवढे दिवस जास्त, तेवढा खोक्यावरचा भार जास्त. रॉटरडॅमला कंटेनर उघडल्यावर खालची रांग बसलेली निघाली, तर आपले जे नुकसान होईल त्यापुढे खोक्यामागचे साडेतीन रुपये काहीच नाहीत, आणि ते नुकसान आमच्यामुळे झाले असे कधी होऊ नये. त्यामुळे कागदाचा जीएसएम, बीएफ आणि पाचही थर गेल्या वर्षी होते तसेच यंदाही राहतील. प्रत्येक लॉटच्या चलनासोबत बर्स्टिंग टेस्टचा आकडा लिहून येईल. तो कमी वाटला, तर गाडी उतरवून घेऊ नये, परत पाठवावी. भाडे आमचे राहील.

आता जुन्या ग्राहकांसाठी आम्ही काय करू शकतो, ते सांगतो. आजपर्यंत ज्यांच्या ऑर्डर नोंदवल्या आहेत, त्यांचा माल जानेवारीत गेला तरी जुन्याच दराने जाईल. २० डिसेंबरपर्यंत ज्यांना आपली हंगामाची गरज कळवून २५ टक्के अॅडव्हान्स देणे शक्य असेल, त्यांच्यासाठी आम्ही आधीच उचलून ठेवलेल्या कागदातून गेल्या हंगामातल्या निम्म्या संख्येपर्यंतची खोकी ४२ रुपयांनीच देऊ. गोदामात जेवढा कागद आहे, त्यावरून ही मर्यादा ठरवली आहे, त्यापलीकडे शब्द दिला तर तो पाळता येणार नाही. ज्यांना या वर्षी अॅडव्हान्स देणे जड जाईल त्यांनी संकोच न करता तसे सांगावे, पावसाने कोणाच्या बागेचे किती नुकसान झाले ते आम्हाला माहीत आहे आणि त्यांच्यासाठी काही कागद बाजूला ठेवला आहे. उधारीची मुदत आहे तीच राहील. पॅकहाउससाठी ४५ दिवस आणि बागायतदारांसाठी द्राक्षाचे पैसे हातात आल्यावर, ही वडिलांच्या काळापासूनची पद्धत आम्ही बदलत नाही.

नवा दर ३० एप्रिल २०२६ पर्यंत, म्हणजे संपूर्ण हंगाम, वाढणार नाही. या काळात कागद किलोमागे २ रुपयांनी उतरला तर खोक्याचा दर १ रुपया २० पैशांनी आम्ही स्वतःहून कमी करू, त्यासाठी कोणाला फोन करावा लागणार नाही. मिलची बिले कारखान्यात ठेवलेली आहेत आणि ज्यांना पाहायची असतील त्यांना ती केव्हाही दाखवली जातील.

एवढे सांगूनही हा दर परवडत नाही असे वाटले, तर दुसरीकडे ऑर्डर देण्यापूर्वी एकदा माझ्याशी बोलावे, ही विनंती. छपाईचे रंग कमी करून किंवा एकाच मापाची मोठी ऑर्डर काढून काही पैसे खरोखर वाचवता येतात आणि त्यासाठी कागदाला हात लावावा लागत नाही. दोन रंगांऐवजी एका रंगात छापले तर खोक्यामागे ८० पैसे कमी होतील. तसा नमुना हवा असेल तर चार दिवसांत पाठवतो. संध्याकाळी सहानंतर मी कारखान्यातच असतो आणि आपल्या बिलावर छापलेल्या नंबरवर मी स्वतः फोन घेतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
प्रोप्रायटर, खोके कारखाना
अंबड, नाशिक

ता. क. : २० डिसेंबरपर्यंत गरज कळवताना कृपया छाटणीची तारीखही लिहावी, म्हणजे कोणाचा माल आधी तयार ठेवायचा ते आम्हाला ठरवता येईल.